मुदत उलटलेले हवाबंद डबे : काय बिघडते, काय टिकते

आमरसाचा किंवा मटारचा पत्र्याचा डबा फडताळाच्या मागील बाजूस पडून राहावा व चार-पाच वर्षांनी साफसफाईच्या वेळी हाती लागावा, हा प्रकार अनेक घरांत घडतो. डबा कोठे चेपलेला नसतो, गंजलेला नसतो. छापलेली तारीख मात्र केव्हाच उलटून गेलेली असते. अशा वेळी काही मंडळी तो डबा तडक उकिरड्यावर टाकतात, तर काही तो फोडून वास घेतात, बोटभर चाखून पाहतात व चव बरी लागल्यास खाऊन मोकळी होतात. या दोन्ही रीती सदोष आहेत. पहिलीत चांगले अन्न वाया जाते. दुसरीत, क्वचित का होईना, जिवावरचे संकट ओढवते. तारीख नेमके काय सांगते व काय सांगत नाही, हे समजून घेतल्यास दोन्ही टाळता येतात.

हवाबंद डब्यातील अन्न टिकते ते त्यात काही औषध घातलेले असते म्हणून नव्हे. अन्न डब्यात भरून झाकणाची कड यंत्राने दुहेरी दुमडतात व नंतर डबा बाहेरून तापवितात. या उष्णतेने आतील जंतू मरतात आणि दुमडलेल्या कडेमुळे बाहेरचे जंतू आत शिरू शकत नाहीत. उष्णता किती द्यावयाची, हे मुख्यतः अन्नाच्या आंबटपणावर ठरते. मातीत सर्वत्र आढळणारा बोट्युलिनम नावाचा एक जंतू आहे. हवा नसलेल्या जागीच तो वाढतो आणि मज्जातंतू लुळे पाडणारे अत्यंत जहाल विष तयार करतो. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. तथापि आंबटपणा मोजण्याच्या पीएच या मापाने 4.6 पेक्षा खाली असलेल्या, म्हणजे पुरेशा आंबट अन्नात ते रुजत नाहीत. त्यामुळे अननस किंवा आवश्यक तेथे सायट्रिक आम्ल घालून आंबटपणा साधलेला आमरस यांच्या डब्यांना उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. मटार, मका, मासे व मांस हे आंबट नसलेले पदार्थ मात्र दाबाखालील वाफेच्या भांड्यात, सुमारे 121 अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवावे लागतात.

एकदा ही क्रिया बिनचूक झाली आणि कड शाबूत राहिली, म्हणजे आत रोग उत्पन्न करणारे जंतू उरत नाहीत. डब्यावरील तारीख उलटली म्हणून ते नव्याने जन्मासही येत नाहीत. याची साक्ष देणारे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील मिसूरी नदीत 1865 साली बर्ट्रंड नावाची आगबोट मालासह बुडाली. तिचे अवशेष 1968 साली गाळाखालून उकरून काढण्यात आले. त्यांतील ऑयस्टर शिंपल्या, टोमॅटो, पीच इत्यादींचे डबे व बाटल्या 1974 साली रसायनतज्ज्ञांनी तपासल्या. अन्नाचा ताजा वास व रंगरूप गेलेले होते, क जीवनसत्त्व बरेचसे नाहीसे झाले होते. परंतु जंतूंची वाढ आढळली नाही व प्रथिने बहुतांशी टिकून होती. एकशे नऊ वर्षांनंतरची ही स्थिती होय. यावरून कोणी शंभर वर्षांचा डबा खाण्याचा हट्ट धरू नये. शिवाय ती बोट थंड गाळात पुरलेली होती, पत्र्याच्या छपराखाली नव्हे.

उष्णता व काळ यांचे काम

तारखेनंतर डब्यात जे घडते ते जंतूंचे काम नसून मंद रासायनिक क्रियांचे असते. तारीख घालताना कारखानदार मुख्यतः याच बदलांचा अंदाज बांधतो : रंग, वास, मऊपणा व जीवनसत्त्वे अपेक्षेप्रमाणे कोठवर राहतील, याचा. आमरस हळूहळू तपकिरी होतो व त्याचा हापूसपणा, म्हणजे सुवास, प्रथम उडतो. मटारचा हिरवा रंग तर कारखान्यातील उष्णतेनेच फिकट शेवाळी झालेला असतो; पुढे दाणे पिठाळ होऊन पाणी गढूळ होते. या क्रियांचा वेग साठवणीच्या तापमानावर अवलंबून असतो. तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. म्हणून उतरंडीजवळच्या गार कोपऱ्यातील डबा आणि चुलीवरच्या फळीवरील डबा यांची तारीख एक असली, तरी वय एक नसते.

अतिउष्ण जागी आणखी एक प्रकार संभवतो. उष्णताप्रिय जंतूंचे काही बीजाणू कारखान्यातील तापमानातूनही वाचतात. सामान्य हवेत ते निपचित पडून राहतात. पण विदर्भातील वैशाखात पत्र्याच्या शेडमधील डबे दीर्घकाळ 45 अंशांच्या वर तापत राहिले, तर ते जागे होऊन अन्न आंबवितात. त्यांपैकी काही वायू निर्माण करीत नाहीत, त्यामुळे डबा फुगत नाही. फोडल्यावर मटारला आंबूस वास येतो. हे जंतू विषारी नसतात, पण अन्न खाण्याच्या लायकीचे राहत नाही.

आंबट डबा आधी का म्हातारा होतो

येथे एक गोष्ट अनेकांस विपरीत वाटेल. बोट्युलिनमच्या दृष्टीने आंबट फळांचा डबा अधिक निर्धोक. परंतु साठवणीत तोच आधी खराब होतो. उत्तम दर्जा टिकण्याचा काळ आंबट पदार्थांच्या डब्यांस बारा ते अठरा महिने, तर मटार, मका, मांस यांच्या डब्यांस दोन ते पाच वर्षे, असा सर्वसाधारणपणे धरला जातो. याचे कारण अन्नात नसून भांड्यात आहे.

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाल्यावर त्यात ताक ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. डब्याचा पत्राही लोखंडी असून त्यावर कथलाचा, म्हणजे कल्हईचाच, पातळ थर असतो. अनेक डब्यांत त्यावर आणखी वार्निशासारखा लेप देतात. लेप नसलेल्या डब्यात फळाचे आम्ल हा कथील वर्षानुवर्षे थोडाथोडा विरघळविते. आरंभी याचा उपयोगच होतो. कथील झिजते म्हणून खालचे लोखंड व फळाचा रंग टिकतो. पण थर संपत आला म्हणजे अन्नात कथील अधिक उतरते, धातूची चव लागते व उघड्या लोखंडावर आम्लाची क्रिया होऊन हायड्रोजन वायू सुटतो. मग डबा फुगतो, किंवा टाचणीच्या अग्राएवढे छिद्र पडून रस झिरपतो. डबाबंद अन्नात कथील किलोमागे 250 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी आपल्या देशातील मर्यादा आहे. त्याहून पुष्कळ अधिक पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व पोटदुखी होते.

दोन डब्यांची तपासणी

समजा, तारीख उलटून पाच वर्षे झालेले दोन डबे पुढे आहेत : एक आमरसाचा, दुसरा मटारचा. प्रथम कागदी वेष्टन काढून डबे पुसावेत आणि उजेडात धरावेत. दोन्ही टोके सपाट किंवा किंचित आत गेलेली असावीत. अंगठ्याने दाबल्यावर टोक खालीवर होत असेल, किंवा एक बाजू दाबली असता दुसरी वर येत असेल, तर तो डबा फोडूच नये. हा फुगवटा हायड्रोजनचा की जंतूंच्या वायूचा, हे बाहेरून ओळखता येत नाही. नंतर कडेवरून बोट फिरवावे. अंगावरचा किरकोळ पोचा चालेल. कडेवरचा किंवा धारदार पोचा चालणार नाही. पुसल्याने जाणाऱ्या तांबेऱ्याची चिंता नको, पण गंजाने खड्डे पडले असतील किंवा वेष्टनावर आतून झिरपल्याचे डाग असतील, तर डबा बाद समजावा.

दोन्ही डबे येथवर उतरले असे धरू. फोडताना हवा आत ओढली गेल्याचा सूक्ष्म आवाज आल्यास ते सुचिन्ह होय. उलट आतून फसकन वायू बाहेर आला, फेस आला किंवा पाणी उडाले, तर पुढे जाऊ नये. चाखून पाहण्याचा मोह तर मुळीच धरू नये. बोट्युलिनमच्या विषास चव किंवा वास असेलच असे नाही.

मटारच्या डब्यात आतील भिंतीवर काळसर-जांभळट डाग दिसतील. मटारातील गंधकाचा धातूशी संयोग होऊन ते पडतात व निरुपद्रवी असतात. दाणे मऊ, वास नेहमीचा, पाणी थोडे गढूळ, एवढेच असेल तर हे मटार दहा मिनिटे खळखळ उकळून उसळीत वापरण्यास हरकत नाही. उकळण्याने बोट्युलिनमचे विष नाश पावते. ही वाढीव सावधगिरी होय, फुगलेला डबा सुधारण्याचा उपाय नव्हे. क जीवनसत्त्वासाठी मात्र ताटात लिंबू असू द्यावे.

आमरसाच्या डब्यातील रस पातेल्यात ओतून आधी भिंत पाहावी. लेप शाबूत असेल, किंवा पत्र्यावर पिसासारखी राखाडी नक्षी तेवढी उमटली असेल, आणि रस केवळ तपकिरी झाला असेल, तर तो खाण्यास हरकत नाही. गोडी राहिली, सुवास गेला, इतकेच. परंतु मोठमोठे काळे पट्टे उघडे पडले असतील, किंवा पहिल्याच घासाला धातूची चव लागली, तर तो टाकून द्यावा. कथील डोळ्यांनी मोजता येत नाही, आणि उकळून ते जातही नाही. उरलेला चांगला रस डब्यातच ठेवू नये. हवा लागताच कथील झपाट्याने विरघळते. रस काचेच्या बरणीत काढावा.

हा सर्व विचार कारखान्यात भरलेल्या, घरच्याच वापराच्या डब्यांपुरता आहे. दुकानदारास मुदत संपलेला डबा विकता येत नाही, आणि अंगणवाडी, शाळा किंवा पूरग्रस्तांसाठी आलेले मुदतबाह्य डबे गावच्या कार्यकर्त्याने वाटू नयेत. त्या डब्यांचा मागचा इतिहास त्यास ठाऊक नसतो. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीचा डबा या वर्गात बसत नाही. ती भुकटी निर्जंतुक केलेली नसते, तिची तारीख पाळलीच पाहिजे. घरी साध्या उकळीने भरलेल्या भाज्यांच्या बाटल्यांसही हे नियम लावू नयेत. त्या नव्या असतानाही धोक्याच्या असतात.

बाद ठरलेल्या डब्याची विल्हेवाटही जपून करावी. फुगलेला डबा जाड पिशवीत बांधून विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरावा. त्यातील अन्न कोंबड्यांस, गुरांस किंवा कुत्र्यांस घालू नये, उकिरड्यावरही ओतू नये. बोट्युलिनमच्या विषाने पक्षी व गुरेही लुळी पडून दगावतात. डबा हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि सांडलेले पाणी पुसलेले फडके त्याच खड्ड्यात टाकावे.