बुकिंगआधीचा ई-मेल : पीजीच्या मासिक खर्चाची बाबवार यादी कशी मागावी

पेइंग गेस्ट म्हणून राहायला जाणारा विद्यार्थी मालकाला बुकिंगआधी जो ई-मेल पाठवतो, त्याचा हेतू एकच असतो. जाहिरातीतल्या एका आकड्यामागे कोणकोणते आकार आहेत आणि प्रत्येक आकार कसा मोजला जातो, हे पैसे देण्याआधी लेखी कळावे. पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, नऱ्हे किंवा विमाननगर भागात लागलेल्या फलकांवर साधारणपणे ‘थ्री शेअरिंग, दरमहा अमुक रुपये’ एवढेच असते. तो आकडा बहुधा नुसत्या कॉटचा असतो. जेवण, वीज, मेंटेनन्स, वायफाय, प्रवेशाच्या वेळी घेतली जाणारी रक्कम आणि डिपॉझिटमधून पुढे होणारी कपात त्यात असेलच असे नाही.

हा ई-मेल टोकन देण्याआधी जायला हवा. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या की खोल्या भराभर जातात आणि ‘आधी दोन हजार टोकन टाका, बाकीचे आल्यावर बोलू’ असे फोनवर सांगितले जाते. टोकन बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. ते एकदा दिले की विद्यार्थ्याच्या प्रश्नांना वजन राहत नाही, कारण उत्तर पटले नाही तर तो स्वतःचेच पैसे सोडून जाणार असतो.

लातूरहून पुण्याला अभियांत्रिकीसाठी येणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीचा ई-मेल पुढीलप्रमाणे असू शकतो.

विषय : कर्वेनगर पीजी, थ्री शेअरिंगमधील एक कॉट, १ ऑगस्टपासून – मासिक खर्चाची माहिती

नमस्कार काकू,
काल फोनवर बोलल्याप्रमाणे मला १ ऑगस्ट ते मेअखेर राहण्यासाठी एक कॉट हवी आहे. वडील शैक्षणिक कर्जाचा अर्ज करत आहेत, त्यासाठी महिन्याचा खर्च बाबवार लागणार आहे. कृपया पुढील माहिती या मेललाच उत्तर म्हणून कळवावी.
१. कॉटचे भाडे आणि मेंटेनन्स किती? वर्षाच्या मध्ये वाढ होते का?
२. वीज भाड्यात धरली आहे का? नसल्यास खोलीला सबमीटर आहे का, युनिटचा दर किती आणि बिल किती जणांत वाटले जाते?
३. मेस सक्तीची आहे का? आठवड्यातून किती वेळा जेवण बंद असते? खाडे धरतात का, आणि किती दिवसांपासून?
४. वायफाय, पाणी, साफसफाई, वॉशिंग मशीन यांपैकी कशाचे वेगळे पैसे आहेत?
५. डिपॉझिट किती? सोडताना त्यातून ठरलेली कपात किती आणि उरलेली रक्कम किती दिवसांत मिळते? प्रवेशाच्या वेळी परत न मिळणारी आणखी काही रक्कम आहे का?
६. दिवाळीच्या सुट्टीत आणि वेळेआधी सोडल्यास आकारणी कशी होते?
शक्य असल्यास मागच्या एका महिन्याच्या वीजबिलाचा फोटो पाठवावा. उत्तर मिळाल्यावर दोन दिवसांत बुकिंगचे कळवते.

या मजकुरात काही गोष्टी जाणूनबुजून केलेल्या आहेत. विषयाच्या ओळीत जागा, शेअरिंग आणि तारीख आहे, कारण एकाच मालकाची तीन-चार घरे असू शकतात आणि दर घराचे दर वेगळे असतात. प्रश्नांना क्रमांक आहेत, म्हणजे मालकीणबाईंना त्याच क्रमाने तुटक उत्तरे लिहिता येतात. कारणही दिले आहे. कारण नसलेली प्रश्नावली उलटतपासणीसारखी वाटते, तर घरच्यांना किंवा बँकेला आकडे दाखवायचे आहेत हे कळले की उत्तर सहज मिळते. कारण अर्थातच खरे असावे. शेवटी निर्णय कधी कळवणार हेही आहे, त्यामुळे समोरच्याला हे गिऱ्हाईक नुसते चौकशी करत नाही हे समजते. पुष्कळ मालक मेल रोज पाहत नाहीत, म्हणून पाठवल्यावर व्हॉट्सॲपवर ‘काकू, मेल केला आहे’ एवढा निरोप टाकणे सोयीचे असते.

सहाही प्रश्नांत रकमेइतकेच महत्त्व मोजण्याच्या रीतीला आहे, आणि विजेच्या बाबतीत ते सर्वांत ठळक दिसते. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटचे टप्पे असतात : पहिली १०० युनिट, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्यातल्या युनिटांना आधीच्या टप्प्यापेक्षा जास्त दर लागतो. त्याशिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क असते. एका घरातल्या चार खोल्या एकाच मुख्य मीटरवर असतील तर सगळ्यांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्यात जातो. म्हणून मालकाने लावलेला १३ रुपयांसारखा ठोक दर प्रत्येक वेळी लूट असतो असे नाही. तो वाजवी आहे का हे पाहण्याची रीत सोपी आहे : मुख्य बिलाच्या एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागायचे. येणारी सरासरी ११ किंवा १२ रुपये असेल तर १३ हा दर समजण्यासारखा आहे, सरासरी ८ असेल तर त्याबद्दल विचारायला हवे. ई-मेलमध्ये बिलाचा फोटो मागितला आहे तो याच भागाकारासाठी.

सबमीटर असला तरी त्यावर नेमके काय जोडले आहे हे पाहावे लागते. खोली बघायला गेल्यावर आतले सगळे दिवे, पंखे आणि गिझर बंद करायचे आणि मीटरवरचा लाल दिवा पाहायचा. तो तरीही ठरावीक वेळाने लुकलुकत राहिला, तर जिन्यातला दिवा, पाण्याचा पंप किंवा शेजारची खोली त्याच मीटरवर असण्याची शक्यता असते. राहायला गेल्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढून याच मेलच्या साखळीत पाठवला, की आधीच्या मुलींच्या युनिटांचा वाद उरत नाही.

समजा, काकूंचे उत्तर असे आले : भाडे ८,५०० रुपये, मेंटेनन्स ५००, मेस ३,५००, वायफाय २००, वीज सबमीटरप्रमाणे १३ रुपये युनिट आणि तिघींत वाटणी, प्रवेश रक्कम १,०००, डिपॉझिट १७,००० आणि सोडताना रंगकामाची २,००० कपात. पाणी व साफसफाई भाड्यातच. विजेशिवाय महिना १२,७०० रुपये झाला. एरवी खोलीचा वापर १२० युनिट धरला तर बिल १,५६० आणि एकीच्या वाट्याला ५२० येतात. परत न मिळणारे ३,००० रुपये दहा महिन्यांत पसरले की महिन्याला ३०० होतात. म्हणजे फलकावरचे ८,५०० प्रत्यक्षात १३,५२० आहेत. खोलीत एसी असेल आणि उन्हाळ्यात तो रोज सहा तास चालला, तर तासाला सव्वा युनिटच्या आसपास धरून महिन्याला २०० हून अधिक युनिट वाढतात. वाढ २१० धरली तर खोलीचे बिल ४,२९० होते, एकीचा वाटा १,४३० आणि महिना १४,४३० वर जातो.

आता दुसरे घर पाहू. तिथे फलकावर १२,५०० लिहिले आहे, म्हणून ते पहिल्या नजरेत चार हजारांनी महाग वाटते. पण उत्तरात जेवण, वायफाय आणि दर माणशी ४० युनिट वीज त्यातच धरलेली आहे, प्रवेश रक्कम नाही आणि डिपॉझिटमधून १,५०० कापले जातात. तीन जणींची मिळून १२० युनिट मर्यादेत बसतात, म्हणून खरा महिना १२,६५० ठरतो. तो पहिल्या घरापेक्षा ८७० रुपयांनी कमी आहे. हे आकडे उदाहरणापुरते असले तरी असा उलटफेर अनेक ठिकाणी होतो, आणि बाबवार यादी हातात नसेल तर तो दिसत नाही.

मेसच्या प्रश्नात खाड्यांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. बऱ्याच मेसमध्ये सलग तीन किंवा पाच दिवस आधी सांगून गैरहजर राहिले तरच खाडा धरतात. दर शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या मुलीला तो कधीच मिळणार नाही, आणि तिच्यासाठी डबा लावणे स्वस्त पडू शकते. म्हणून मेस सक्तीची आहे का, हे त्याच प्रश्नात विचारले आहे. वायफाय, धुलाई वगैरे रकमा लहान असतात, त्या फक्त यादीत आल्या म्हणजे पुरे.

उत्तर वाचताना आकड्याऐवजी आलेल्या शब्दांपाशी थांबायचे. ‘ॲक्चुअलप्रमाणे’, ‘नॉमिनल’, ‘इतर खर्च’, ‘ते आल्यावर बघू’ या उत्तरांनी काहीच ठरत नाही. तिथे एका ओळीचा दुसरा मेल पुरतो : ‘मागच्या तीन महिन्यांत एका मुलीला विजेचे साधारण किती आले?’ मालक मेलला उत्तर न देता फोनच करत असतील, तर फोन संपल्यावर त्यांनी सांगितलेले आकडे स्वतःच लिहून पाठवायचे आणि ‘काही चुकले असल्यास कळवावे’ असे जोडायचे. लेखी होकार मिळाला तर उत्तम. न मिळाला तरी काय बोलणे झाले याची तारखेसह नोंद राहते. जीएसटीचा उल्लेख आला तर एक नियम माहीत असावा : १५ जुलै २०२४ पासून दरमहा दर माणशी २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाला, सलग किमान ९० दिवसांचा मुक्काम असल्यास, जीएसटीतून सूट आहे. दहा महिने राहणाऱ्या विद्यार्थिनीच्या १२-१३ हजारांच्या यादीत निवासावर हा कर दिसला, तर तो कशाच्या आधारे लावला हे विचारता येते.

ई-मेल हा कराराला पर्याय नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी जागामालकाची असते. याच कायद्यात पेइंग गेस्टची व्याख्या, मालक स्वतः राहतो त्या जागेचा भाग वापरायला मिळालेली, कुटुंबाबाहेरची व्यक्ती अशी आहे. आज पीजी म्हणून चालणाऱ्या अनेक इमारतींत मालक राहत नाही. कितीतरी ठिकाणी करार म्हणून एक पानी छापील फॉर्म भरून घेतात, त्यात नियम पुष्कळ आणि रकमा थोड्या. अशा वेळी मेलमधली यादी छापून फॉर्मला जोडावी आणि तिच्यावर दोघांनी सह्या कराव्यात. डिपॉझिट अडकल्यास किंवा यादीत नसलेले आकार लावल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये निवास आणि भोजन या सेवांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तिथे तक्रारीसोबत पैसे दिल्याच्या पावत्या आणि ही मेलची साखळी जोडायची असते.