टेम्पो परत आला, हिशेब कुठे संपला?

भाडे-खरेदीत शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी विक्रेत्याचीच असते. म्हणूनच हप्ते थकले की तो माल परत ओढून नेतो. खरी गंमत पुढे, वहीत असते.

समजा, ४,००,००० रुपयांचा टेम्पो. सुरुवातीला १,००,००० रोख, उरलेले तीन वार्षिक हप्त्यांत, शिल्लक रकमेवर १० टक्के व्याज. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकाने मुद्दलाचे १,००,००० आणि व्याजाचे ३०,००० भरले. दुसऱ्या वर्षी मात्र हात वर केले.

इथे नवखे कारकून हमखास घसरतात. हप्ता आला नाही म्हणून ते व्याजच लिहीत नाहीत. वास्तविक दोन लाखांवरचे दुसऱ्या वर्षाचे २०,००० व्याज आधी गिऱ्हाइकाच्या नावे पडते, आणि येणे होते २,२०,०००.

आता टेम्पोची किंमत ठरवायची. विक्रेता ती सहसा कडक घसारा लावून धरतो. उतरत्या किमतीवर ३० टक्के धरले, तर दोन वर्षांनी उरतात १,९६,०००. म्हणजे जप्तीतच २४,००० चा तोटा. गिऱ्हाइकाच्या वहीत घसारा २० टक्के असेल, तर तिथे टेम्पो २,५६,००० चा. देणे वजा जाता त्याचा तोटा ३६,०००. वाहन एकच, किमती दोन, आणि दोन्ही बरोबर!

विक्रेत्याने दुरुस्तीवर ९,००० घातले. हा खर्च टेम्पोच्या किमतीत मिळवला जातो, म्हणून ती २,०५,००० झाली. विक्री झाली १,९०,००० ला. आणखी १५,००० गेले. एकूण तोटा ३९,०००. त्यातले २०,००० म्हणजे उत्पन्न म्हणून आधी जमा धरलेले, पण कधीच हाती न आलेले व्याज.