आवंढा गिळताना दुखते तेव्हा

आवंढा गिळताना घशाच्या मागच्या भिंतीचे स्नायू वरून खाली क्रमाने आवळतात, टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि दोन्ही बाजूंचे टॉन्सिल आतल्या बाजूला दाबले जातात. निरोगी माणसाला हे सारे जाणवतही नाही. आतले अस्तर सुजले की मात्र प्रत्येक आवंढ्याला तेच अस्तर चिमटले जाते आणि कळ येते. झोपेतही माणूस अधूनमधून आवंढा गिळत असतो, त्यामुळे या दुखण्याने रात्री जाग येते. घशाच्या या भागाची संवेदना मेंदूपर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूची एक शाखा मधल्या कानातूनही येते. म्हणून घसा सुजलेला असताना कान दुखतो, आणि कानात कितीही थेंब घातले तरी तो दुखायचा थांबत नाही.

मोठ्या माणसांच्या घसादुखीत दहापैकी नऊ वेळा कारण विषाणू असतो. उरलेल्यांत महत्त्वाचा जिवाणू एकच, 'अ' गटातला स्ट्रेप्टोकोकस. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत त्याचा वाटा वाढून दहापैकी दोन-तीन इतका होतो. तीन वर्षांच्या आतल्या बाळाला हा जिवाणू क्वचितच त्रास देतो.

या दोघांतला फरक समजून घ्यायचा तर ते कुठे वस्ती करतात हे पाहावे. सर्दीचे विषाणू नाकापासून श्वासनळीपर्यंतच्या सगळ्या अस्तरावर पसरतात. साहजिकच घशाबरोबर नाक वाहते, शिंका येतात, खोकला सुटतो, आवाज बसतो, कधी डोळेही लाल होतात. दुखणे खवखवीने सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढते. स्ट्रेप्टोकोकस मात्र टॉन्सिल आणि त्याच्या आसपासच्या भागातच तळ ठोकतो. नाक आणि स्वरयंत्र त्याच्या वाटेला सहसा येत नाही. त्यामुळे सकाळी ठणठणीत असलेल्या मुलाला संध्याकाळी सणकून ताप भरतो, घास गिळवत नाही, डोके किंवा पोट दुखते, एखादी उलटी होते, पण खोकला आणि सर्दी नसते. घसादुखीच्या रुग्णाला डॉक्टर खोकल्याविषयी आवर्जून विचारतात ते यासाठीच. खोकला असणे ही इथे बरीचशी दिलाशाची खूण आहे.

टॉन्सिलवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना मात्र लोक गरजेपेक्षा जास्त घाबरतात. आरशात ते दिसले की 'पू झाला' असे ठरवले जाते आणि औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक गोळ्या आणल्या जातात. पण असे ठिपके विषाणूंच्या संसर्गातही पडतात. तरुणांना होणाऱ्या ग्रंथिज्वरात तर टॉन्सिलवर पांढरा थर पसरतो, मानेच्या मागच्या बाजूलाही गाठी येतात आणि थकवा आठवडेच्या आठवडे टिकतो. हा एपस्टीन-बार नावाच्या विषाणूचा आजार आहे. त्यात अमॉक्सिसिलिन घेतले की बऱ्याच रुग्णांच्या अंगावर लाल पुरळ उठते. थर राखाडी असेल, घट्ट चिकटलेला असेल आणि ओढला की रक्त येत असेल, तर मात्र घटसर्पाची शंका घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. लस न घेतलेल्या किंवा तिचे डोस अर्धवट राहिलेल्या मुलांत हा आजार आपल्याकडे अजूनही आढळतो.

एकाच खुणेवर विसंबता येत नाही म्हणून डॉक्टर चार खुणा एकत्र मोजतात. रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरात आहे. ३८ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, टॉन्सिलवर पांढरा स्राव, जबड्याच्या कोपऱ्याखाली पुढच्या बाजूला दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी आणि खोकला नसणे, या प्रत्येकाला एक गुण मिळतो. पुढे त्यात वयाची भर पडली. लहान मुलांना एक गुण वाढवून मिळतो आणि पंचेचाळिशीपुढे एक गुण वजा होतो. शून्य किंवा एक गुण असेल तर जिवाणूची शक्यता दहात एकापेक्षाही कमी राहते. चारही खुणा जुळल्या तरी ती साधारण निम्मीच असते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. म्हणून मधल्या आणि वरच्या गुणांच्या रुग्णांत घशातला स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन झटपट चाचणी करतात किंवा तो प्रयोगशाळेत वाढवून पाहतात. दुसऱ्या प्रकाराला एक-दोन दिवस लागतात आणि तेवढे थांबायला हरकत नसते. स्ट्रेप्टोकोकसवर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन देण्याचा मोठा हेतू हृदयाच्या झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप टाळणे हा आहे, आणि दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी तो टळतो. मात्र ते दहा दिवस पूर्ण घ्यावे लागते. दुकानातून आणलेल्या दोन दिवसांच्या गोळ्यांनी विषाणू हटत नाही आणि जिवाणूही पुरता जात नाही.

विषाणूचा असो वा जिवाणूचा, बहुतेकांचा घसा आठवड्याभरात बरा होतो. तोवर पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ आणि मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या पुरतात. धोका ओळखायचा तो दुखण्याच्या वळणावरून. दोन्ही बाजूंना सारखे दुखणारा आणि तीन-चार दिवसांनी उतारावर लागणारा घसा एका वाटेने जातो. एका बाजूला सरकत जाणारे आणि पाचव्या दिवशी आणखी वाढलेले दुखणे दुसऱ्याच वाटेवर असते. ही दुसरी वाट टॉन्सिलशेजारच्या गळवाकडे जाते.

बावीस वर्षांच्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घेता येईल. सोमवारी त्याला ताप भरतो, दोन्ही टॉन्सिल लाल होतात, खोकला नसतो. घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तो दोन दिवस घेतो, ताप उतरतो आणि गोळ्या बंद होतात. शुक्रवारी ताप परत येतो, पण आता दुखणे फक्त उजव्या बाजूला आणि खोलवर असते, उजव्या कानात ठणकते. शनिवारी सकाळी तोंडात जेमतेम एक बोट शिरते. लाळ गिळता येत नाही म्हणून तो ती भांड्यात थुंकतो. तोंडाला घाण वास येतो. बोलणे असे, की जणू तोंडात गरम घास धरला आहे. घरच्यांना वाटते आवाज बसला, पण बसलेला आवाज घोगरा असतो, इथे शब्द गुदमरल्यासारखे निघतात.

यातल्या प्रत्येक लक्षणाचे कारण एका अरुंद फटीत सापडते. टॉन्सिलभोवती एक पातळ वेष्टन असते आणि त्याच्या पलीकडे घशाचा स्नायू. या दोघांच्या मधल्या सैल जागेत, बहुतेक वेळा टॉन्सिलच्या वरच्या टोकाशी, पू साचतो. तो टाळूचा मऊ भाग पुढे आणि खाली ढकलतो. टाळू नीट हलला नाही की उच्चार बिघडतात. सूज आणखी बाहेर सरकली की जबडा मिटणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचते, तो आखडतो आणि तोंड उघडेनासे होते. निरोगी माणसाच्या पुढच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटे उभी बसतात. घसा दुखत असताना दोनही बसत नसतील, तर तो साधा घसा नव्हे, असे मानावे. घरी करून पाहण्यासारखी याहून उपयोगी परीक्षा दुसरी नाही.

डॉक्टर तोंडात प्रकाश टाकतात तेव्हा त्यांची नजर टॉन्सिलच्या आकारापेक्षा त्याच्या वरच्या टाळूकडे आणि पडजिभेकडे जाते. या तरुणाच्या टाळूचा उजवा भाग फुगून आलेला असतो आणि पडजीभ डावीकडे ढकललेली दिसते. साध्या टॉन्सिलच्या सुजेत दोन्ही टॉन्सिल मोठे झाले तरी पडजीभ मध्यावरच राहते. कधी कधी पू साचण्याआधीची नुसती सूजही अशीच दिसते. तेव्हा सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन उपयोगी पडतो, अथवा सुई घालून पू येतो का ते पाहिले जाते. पू आला नाही तर शिरेतून औषधे देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात.

पू असेल तर तो बाहेर काढावाच लागतो, कारण बंद पोकळीत औषध पुरेसे शिरत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ जागा बधिर करून सर्वांत फुगलेल्या ठिकाणी सुई घालतात किंवा छोटी चीर देतात. काही मिलिलिटर पू निघतो आणि बऱ्याच रुग्णांना त्याच बैठकीत पाणी गिळता येते. मानेतली मोठी रोहिणी टॉन्सिलच्या मागे आणि बाहेरच्या बाजूला फार दूर नसते, म्हणून सुई किती खोल जाऊ द्यायची याला सक्त मर्यादा असते. घशातला 'फोड' बोटाने किंवा चमच्याने फोडण्याचा घरगुती प्रयत्न यामुळेच जिवावर बेतू शकतो. या पुवात स्ट्रेप्टोकोकसबरोबर प्राणवायूविना वाढणारे जिवाणूही असतात आणि घाण वास त्यांचाच असतो. त्यामुळे औषधही दोघांना पुरे पडेल असे निवडतात आणि साधारण दोन आठवडे देतात.

टॉन्सिलशेजारचे गळू मुख्यतः किशोर आणि तरुणांचा आजार आहे. पाच वर्षांखालच्या मुलांत पू घशाच्या मागच्या भिंतीआड साचू शकतो, आणि तिथे तोंडात पाहून फारसे कळत नाही. असे मूल खात नाही, लाळ गाळते, मान एका बाजूला धरून ठेवते आणि वर पाहायला सांगितले की मान न वळवता नुसते डोळे वर करते. ताप आणि मान आखडणे पाहून मेंदूज्वराची शंका येते, ती स्वाभाविक आहे. कुठल्याही वयात घसा भयंकर दुखतो, पण आत पाहिले तर जवळपास काहीच दिसत नाही, माणूस पुढे झुकून बसतो, श्वास घेताना घुर्र आवाज येतो, अशी स्थिती असेल तर श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप सुजलेली असू शकते. तेव्हा जिभेवर चमचा दाबून घसा पाहू नये, रुग्णाला झोपवू नये. तो ज्या स्थितीत बसला आहे त्याच स्थितीत त्याला जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे.

गळू एकदा बरे झाले की दहा-पंधरा टक्के लोकांत ते पुन्हा होते. त्याआधीपासूनच वर्षातून अनेकदा टॉन्सिल सुजत असतील, तर पहिल्या गळवानंतर काही आठवडे जाऊ देऊन टॉन्सिल काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. तशी पूर्वपीठिका नसेल तर बहुतेक डॉक्टर शस्त्रक्रियेची घाई करत नाहीत.