पन्नास लाखांच्या पुढचा एक लाख

करपात्र उत्पन्न 51 लाख, सगळं पगारातलं, नवी करप्रणाली, आर्थिक वर्ष 2025-26. स्लॅबप्रमाणे कर 11,10,000 रुपये. पन्नास लाख ओलांडल्यामुळे संपूर्ण करावर 10 टक्के सरचार्ज लागतो, म्हणून रक्कम 12,21,000 होते. पण बरोबर 50 लाखांवर कर फक्त 10,80,000 होता. म्हणजे एक लाख जास्त कमावून 1,41,000 जादा भरायचे! हा अन्याय मार्जिनल रिलीफ टाळतो: वाढीव कर वाढीव उत्पन्नाएवढाच. त्यामुळे 41,000 सुटतात, उरतात 11,80,000. त्यावर 4 टक्के सेस 47,200, एकूण 12,27,200. सेसला मात्र ही सवलत नाही, म्हणून त्या लाखावर प्रत्यक्षात 1,04,000 जातात. उत्पन्न साधारण 51.61 लाखांपुढे गेलं की रिलीफ संपतो.