लाल डोळा (छायाचित्रांवरून ओळख)

लाल डोळा हे नेत्रवैद्यकातील एका लक्षणाचे सर्वसाधारण नाव आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील रक्तवाहिन्या फुगल्या किंवा तेथे रक्त साकळले की डोळा लाल दिसतो. यामागे डोळे येण्यासारखा बहुधा आपोआप बरा होणारा आजार असू शकतो, तसाच काही तासांत दृष्टीचे कायमचे नुकसान करणारा तीव्र काचबिंदूही असू शकतो. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हा फरक पूर्वीपासून छायाचित्रांच्या साहाय्याने शिकवला जातो. आता रुग्णही मोबाइलवर काढलेली छायाचित्रे डॉक्टरांना पाठवतात. फ्लॅश वापरल्यावर छायाचित्रात बाहुली लाल दिसते, त्याचा या लक्षणाशी संबंध नाही. तो डोळ्याच्या आतील पडद्यावरून परतलेला प्रकाश असतो.

लाली किती यापेक्षा कोठे

छायाचित्र पाहणाऱ्याचे लक्ष प्रथम लालीच्या तीव्रतेकडे जाते आणि तेथेच फसगत होते. पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली लहानशी रक्तवाहिनी फुटली, तर डोळ्याचा मोठा भाग एकसंध लालभडक दिसतो. हे छायाचित्र सर्वांत भीतिदायक असते. पण मार लागलेला नसेल, वेदना नसेल आणि दृष्टी ठीक असेल, तर ही स्थिती सहसा निरुपद्रवी असते व दोन-तीन आठवड्यांत ओसरते. याउलट, धोक्याच्या आजारात लाली बेताचीच असू शकते.

डोळे येण्याच्या विकारात दाह होतो तो नेत्रश्लेष्मलेचा, म्हणजे पांढरा भाग व पापण्यांची आतील बाजू झाकणाऱ्या आवरणाचा. म्हणून खालची पापणी ओढून काढलेल्या छायाचित्रात पापणीच्या आत लाली सर्वाधिक दिसते आणि बुबुळाकडे येताना ती फिकी होते. वाहिन्या वरवरच्या, वेड्यावाकड्या व वीटकरी लाल असतात. पापण्यांवर चिकट स्राव किंवा पाणी दिसते. स्वच्छमंडलाच्या, बुबुळाच्या किंवा डोळ्याच्या आतील आजारात चित्र उलटे असते. खोलवरच्या वाहिन्या फुगल्याने बुबुळाच्या कडेभोवती जांभळट छटेचे लाल वलय उमटते आणि पापणीच्या आतील भाग तुलनेने फिका राहतो. मात्र दाह फार वाढला की दोन्ही प्रकारची लाली एकमेकींत मिसळते, त्यामुळे केवळ या वलयावर विसंबता येत नाही.

धूसर स्वच्छमंडल

बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्याला स्वच्छमंडल किंवा कॉर्निया म्हणतात. निरोगी स्वच्छमंडल आरशासारखे गुळगुळीत असते. त्यामुळे खिडकीसमोर बसवून छायाचित्र काढल्यास त्यात खिडकीचे लहान, रेखीव प्रतिबिंब दिसते आणि त्यामागे बुबुळावरील रेषा स्पष्ट उमटतात. प्रतिबिंबाच्या कडा विसकटलेल्या असतील, बुबुळ वाफ धरलेल्या काचेमागे असल्यासारखे दिसत असेल किंवा त्यावर पांढरा ठिपका असेल, तर साधे डोळे येणे गृहीत धरू नये.

ही वाफ कोठून येते, हे समजले की खूण विसरत नाही. स्वच्छमंडलाच्या आतल्या बाजूस पेशींचा एक थर असतो. तो पडद्यात शिरलेले पाणी सतत बाहेर टाकतो, म्हणून पडदा पारदर्शक राहतो. डोळ्यातील दाब साधारणतः १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. तीव्र कोनबंद काचबिंदूत द्रव बाहेर नेणारी वाट बुबुळाच्या कडेने अडवली जाते आणि दाब अचानक ४० च्या वर, कधी ६०-७० पर्यंतही चढतो. त्या दाबापुढे पेशींचा थर अपुरा पडतो व पडद्यात पाणी साचते. प्रकाश विखुरल्याने रुग्णाला दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसतात आणि पाहणाऱ्याला डोळा धूसर दिसतो. याच दाबामुळे बाहुली आकसवणारा स्नायू काम करीनासा होतो; बाहुली मध्यम आकाराची, काहीशी लंबगोल राहते आणि उजेडात लहान होत नाही.

एक नमुना

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डोळ्यांची साथ चालू आहे. ५८ वर्षांच्या एका महिलेचा उजवा डोळा संध्याकाळपासून लाल झाला आहे. डोके त्याच बाजूला ठणकते आणि दोनदा उलटी झाली आहे. घरच्यांना एकीकडे साथ, दुसरीकडे पित्त वाटते. उजव्या डोळ्याचेच छायाचित्र पाठवले, तर त्यात मध्यम लाली दिसते आणि फारसे काही कळत नाही. दोन्ही डोळे एकाच चौकटीत, सारख्या उजेडात घेतल्यावर मात्र फरक लपत नाही. डाव्या डोळ्यात खिडकीचे प्रतिबिंब रेखीव आहे, उजव्यात पसरट. डावी बाहुली लहान व काळीभोर आहे, उजवी मोठी आणि करडी भासते. पापण्यांवर चिपडे नाहीत. डावा डोळा झाकून समोरची बोटे मोजायला सांगितल्यावर ती त्यांना नीट मोजता येत नाहीत.

एकाच बाजूचा डोळा, तीव्र वेदना, उलटी, अंधूक दृष्टी, धूसर स्वच्छमंडल आणि न आकसणारी बाहुली ही सांगड दिसली की रुग्णाला त्याच रात्री नेत्ररुग्णालयात न्यावे लागते. तेथे दाब मोजून तो अ‍ॅसिटाझोलामाइड, टिमोलॉल यांसारख्या औषधांनी उतरवतात. पुढे लेसरने बुबुळाच्या कडेजवळ सूक्ष्म छिद्र पाडून द्रवाला दुसरी वाट देतात. दुसऱ्या डोळ्याची रचनाही बहुधा तशीच अरुंद असल्याने त्यातही छिद्र पाडतात. साथीच्या दिवसांत, जसे महाराष्ट्रात २०२३ च्या पावसाळ्यात घडले, प्रत्येक लाल डोळा ‘आलेला’च वाटू लागतो, असा रुग्ण मागे पडण्याची शक्यता तेव्हाच अधिक असते.

छायाचित्राला न दिसणारे

वेदना आणि दृष्टी छायाचित्रात येत नाहीत, म्हणून ती विचारावीच लागतात. डोळे आल्यावर खुपते, खाज येते, चिकटते. पण स्राव पुसल्यावर अक्षरे पूर्वीसारखी दिसतात. खोल ठणका, उजेड अजिबात सहन न होणे किंवा पुसूनही अंधूक दिसणे या तक्रारी असतील, तर छायाचित्र साधे दिसले तरी त्याला महत्त्व देऊ नये.

कॅमेऱ्याचे दोषही लक्षात घ्यावे लागतात. पिवळ्या दिव्याखाली लालीची छटा बदलते, चेहरा उजळवणारे फिल्टर बारीक वाहिन्या पुसून टाकतात आणि केंद्रीकरण पापण्यांच्या केसांवर झाले तर निरोगी डोळाही धूसर भासतो. हे दुसऱ्या डोळ्याशी तुलना करून ओळखता येते. गडद तपकिरी बुबुळात बाहुलीची कड ओळखणे अवघड असते. तेथे बाजूने उजेड टाकून घेतलेली काही सेकंदांची चित्रफीत अधिक उपयोगी पडते, कारण बाहुली हलते की नाही हे स्थिर चित्र सांगू शकत नाही.

सर्वांत अवघड असतो तो स्वच्छमंडलावरील व्रण. उसाचे पाते किंवा भाताची ओंबी डोळ्याला लागल्यावर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. सुरुवातीचा राखाडी ठिपका मोबाइलच्या चित्रात सहज निसटतो. फ्लुरेसीन रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिल्यावर तो हिरवा चमकतो. अशा डोळ्यात स्टेरॉइडयुक्त थेंब घातल्यास लाली कमी होते, छायाचित्र सुधारल्यासारखे दिसते आणि आत बुरशी वाढत राहते. त्यामुळे शेतातील इजेनंतर किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाल्यास छायाचित्रावर निर्णय न घेता प्रत्यक्ष तपासणी केली जाते. नवजात बालकांनाही हाच नियम लागू होतो, कारण त्यांच्यात डोळे येण्याचे काही प्रकार स्वच्छमंडलाला वेगाने छिद्र पाडू शकतात.