भिंतीचे थर आणि भिंतीच्या भेगा

देशावरच्या खेड्यात जमिनीला दोनच नावे असतात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येते, पांढरीत माणसे राहतात. शहरात वाढलेल्या मुलांना हा रंगांचा भेद वाटतो. पण घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने तो मातीच्या स्वभावाचा भेद आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते, की शेतातल्या भेगेत हात जावा. अशा मातीची भिंत एका वर्षात फाटेल. गावठाणातली पांढरी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडक्या घरांची, चुलीतल्या राखेची, चुनखडीच्या भुकटीची बनलेली. ती फारशी फुगत नाही, म्हणून जुन्या वाड्यांच्या आणि गढ्यांच्या भिंती तिच्याच उठल्या.

माझे आजोळ बार्शी तालुक्यातले. तिथे माझ्या मामेभावाने गेल्या हिवाळ्यात जुन्या घराला लागून एक खोली बांधायला काढली आणि ती मातीचीच करायची ठरवली. मामींना हे मुळीच पसंत नव्हते. त्या म्हणाल्या, “अरे, मी चाळीस वर्षं सारवणात घालवली. आता सुनेनंही शेणात हात घालायचे का?” प्रश्न रास्त होता. मातीच्या घराचे गोडवे गाणारे आपण पाहुणे. ती भिंत सांभाळणारे हात दुसऱ्याचेच असतात. म्हणून सुट्टीत आठ दिवस तिथे राहून मी ते काम मुद्दाम पाहिले.

जुन्या पद्धतीत चिखल तुडवून त्याचे रद्दे एकावर एक चढवीत. ही भिंत मात्र ठोकून करायची होती. त्यासाठी माती चिखलासारखी नको, नुसती ओलसर हवी. साठीच्या गवंड्यांनी मुठीत माती दाबून गोळा केला आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडला. त्याचे चार-पाच तुकडे झाले. “गुरुजी, आता जमली,” ते म्हणाले. गोळा अख्खा राहिला तर पाणी जास्त. पडताच त्याची भुकटी झाली तर पाणी कमी. मिश्रण होते दोन घमेली मुरूम, एक घमेले पांढरी आणि एक घमेले जाड वाळू. त्याआधी काचेच्या बरणीत ते मिश्रण पाण्यात ढवळून एक दिवस ठेवले होते. तळाशी खडे आणि वाळू, मध्ये बारीक रेती, सर्वांत वर चिकणमाती असे पदर बसले. चिकणमाती साधारण पाचवा हिस्सा निघाली. ती फार असती तर भिंत तडकली असती. अगदी थोडी असती तर कण एकमेकांना धरून राहिले नसते.

दगडी जोत्यावर फळ्यांचा साचा उभा केला. दोन फळ्यांमधले अंतर १६ इंच, उंची २ फूट. त्यात ६ इंच माती पसरायची आणि धुमसाने ठोकायची. सुरुवातीला ‘धप्‌ धप्‌’ असा बसका आवाज येतो. ठोकता ठोकता तो टणक होतो आणि धुमस उसळू लागतो. मग थर झाला असे समजायचे. ६ इंचांचे ४ इंच होतात. म्हणजे एका साच्यात सहा थर आणि ९ फूट भिंतीला सत्तावीस. साचा लगेच सोडवून पुढे सरकवता येतो.

साचा निघाला की भिंतीवर आडव्या रेघा दिसतात. ती नक्षी कोणी काढलेली नसते. धुमसाचा मार थराच्या माथ्यावर अधिक बसतो, म्हणून तिथली माती घट्ट आणि गुळगुळीत होते. थराच्या तळाशी ती थोडी भरड राहते. या घट्ट-भरडपणाचीच ती रेघ. एखाद्या थराच्या तळाशी खड्यांची पोकळ पट्टी दिसली आणि बोटाने माती सुटू लागली, तर तो थर जाड पसरला गेला किंवा कमी ठोकला गेला, असे ओळखावे.

बाहेरून हे थर उघडेच ठेवले. आतून मातीचा गिलावा करायचा होता. त्यासाठी चाळलेली माती, वाळू, गव्हाचा भुसा आणि थोडे शेण कालवून गारा आठवडाभर कुजवला. पण भिंतीला हात लावण्यापूर्वी गवंड्यांनी वीतभर चौकोनाचे तीन नमुने लावले. पहिल्यात माती आणि वाळू समसमान, दुसऱ्यात वाळू दुप्पट, तिसऱ्यात तिप्पट. चार दिवसांनी पहिला कासवाच्या पाठीसारखा तडकला आणि त्याच्या कडा उचलल्या. तिसऱ्यावर एकही भेग नव्हती, पण तळहात फिरवताच वाळू झडली. दुसऱ्यावर केसासारख्या बारीक रेघा होत्या आणि हाताला काही लागत नव्हते. तोच निवडला. भिंत ओली करून पाऊण इंचाचा पहिला हात दिला आणि तो वाळल्यावर वर पातळ गाऱ्याचा दुसरा. त्याने त्या रेघा भरून निघाल्या.

भेग दिसली की शहरातला माणूस घाबरतो, पण भेगाभेगांत फरक आहे. गिलाव्यावरचे बारीक जाळे म्हणजे पाणी उडून जाताना माती आकसली, एवढेच. बोटाने टिचकी मारून पोकळ आवाज आला, तर गिलावा भिंतीपासून सुटला आहे. तेवढा भाग काढून पुन्हा लावावा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून रुंदावत गेलेली भेग मात्र गिलाव्याची नसून भिंतीची असते. तिच्यावर कागदाची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहावी. पट्टी फाटली, तर पाया खचतो आहे असे समजून जाणत्याला बोलवावे.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ती पक्की होते, हा समज सर्वत्र आहे. सिमेंट ताठ, माती लवचीक. सिमेंटला भेग पडते, तिच्यातून पाणी आत जाते आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. आतली माती मऊ होते आणि एके दिवशी सगळा पापुद्रा भिंतीची माती घेऊन खाली येतो. भिंतीचा खरा शत्रू पायाशी असतो. पावसाचे शिंतोडे जमिनीवरून दीड फूट उडतात आणि जमिनीतली ओल क्षार घेऊन चढली की लोणा लागतो. म्हणून जोते दोन फूट दगडाचे केले आणि वळचण चांगली तीन फूट पुढे काढली.

राहिला भूकंप. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला हजारो माणसे गेली. तिथल्या भिंती बहुतांशी मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या, कोपऱ्यांना बांधणी नाही आणि माथ्यावर धाब्याच्या मातीचे प्रचंड ओझे. ठोकलेली भिंतही आडव्या धक्क्याला दुबळीच. म्हणून या खोलीला दाराच्या वर आणि छपराखाली सळयांच्या काँक्रीटचे पट्टे चारही भिंतींवरून सलग फिरवले आणि छप्पर पत्र्याचे, हलके ठेवले. सिमेंट पूर्ण वर्ज्य केले नाही. ते योग्य जागी वापरले.

आणि मामींचा प्रश्न? खाली शहाबादी फरशी घातली, त्यामुळे जमिनीचे सारवण संपले. आतल्या गिलाव्याला चुन्याचा हात दिला. तो मातीला श्वास घेऊ देतो आणि वर्षाकाठी एकदा पुरतो. बाहेरच्या थरांना काहीच लावायचे नाही. पावसाळ्यानंतर पायथा तेवढा पाहायचा. मामींनी सगळे निमूटपणे ऐकले, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “चुना दरवर्षी मुलगाच देईल. ते आधी कबूल करून घे.” भावाने कबूल केले.