डाएट चार्टमधला ‘एक भाग’ म्हणजे किती?

मधुमेहाच्या रुग्णाला आहारतज्ज्ञाकडून मिळणारा तक्ता बहुधा एकाच कागदावर मावतो. डावीकडे वेळा, समोर ‘धान्य ३, डाळ १, दूध १’ असे आकडे आणि खाली पर्यायांची यादी. हे आकडे पोळ्यांचे किंवा वाट्यांचे नसतात. ते ‘भागां’चे असतात, ज्यांना काही तक्त्यांत ‘एक्सचेंज’ म्हणतात. या पद्धतीची पहिली यादी १९५० साली अमेरिकेत तयार झाली. जे पदार्थ ठरावीक मापात खाल्ले असता साधारण सारखेच कर्बोदक देतात ते एका गटात ठेवायचे, म्हणजे त्या गटात कोणताही पदार्थ दुसऱ्याच्या जागी घेता येतो, अशी तिची कल्पना. भारतातले तक्ते त्याच कल्पनेवर, पण इथल्या धान्यांची आणि डाळींची मापे घेऊन बनवले जातात.

समजा, एका घरातल्या ५८ वर्षांच्या गृहस्थांना सुमारे १५०० कॅलरींचा तक्ता दिला आहे. सकाळी साडेआठला नाश्ता : धान्य २, दूध १. अकराला फळ १. दुपारी एकला जेवण : धान्य ३, डाळ १, दही (दुधाचा १ भाग), भाजी. पाचला फुटाणे (डाळीचा १ भाग). रात्री आठला जेवण : धान्य ३, डाळ १, भाजी. दिवसभरात तेल ४ चमचे. हे गृहस्थ नाश्त्याच्या वेळी ग्लिमेपिराइडची गोळी आणि जेवणाबरोबर मेटफॉर्मिन घेतात. स्वयंपाक घरातल्या सगळ्यांचा एकत्रच होतो.

हा तक्ता वाचताना आधी तळाची टीप पाहावी, कारण भागाचे माप सगळीकडे एक नसते. काही आहारतज्ज्ञ १५ ग्रॅम कर्बोदकांचा भाग धरतात, म्हणजे सुमारे २० ग्रॅम कोरडे पीठ किंवा कच्चे तांदूळ. काही जण ३० ग्रॅम कोरड्या धान्याचा भाग धरतात, ज्यातून साधारण १०० कॅलरी मिळतात. एका तक्त्यातले आकडे आणि दुसऱ्या तक्त्यातली पर्यायांची यादी एकत्र केली, तर रोजच्या धान्यात दीडपटीचा फरक पडू शकतो. आपल्या उदाहरणातला तक्ता पहिल्या मापाचा आहे.

या मापाने धान्याचा एक भाग म्हणजे २० ग्रॅम पिठाचा एक पातळ फुलका, किंवा अर्धी वाटी शिजलेला भात, किंवा ब्रेडचा एक स्लाइस, किंवा २० ग्रॅम कोरडे पोहे. डाळीचा एक भाग म्हणजे ३० ग्रॅम कच्ची डाळ, जिचे घट्ट वरण साधारण एक वाटी होते. दुधाचा एक भाग २०० मिलिलिटर, दह्याचाही जवळजवळ तेवढाच. तक्त्यातली वाटी १५० मिलिलिटरची धरलेली असते आणि चमचा ५ मिलिलिटरचा, म्हणजे चहाचा.

चूक नेमकी इथे होते, कारण घरातली वाटी क्वचितच १५० मिलिलिटरची असते. ती रिकामी असताना वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि काठोकाठ पाणी भरावे. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढी मिलिलिटरमध्ये तिची मापे. पाण्याचे वजन २०० ग्रॅम भरले, तर ‘अर्धी वाटी भात’ म्हणून वाढलेला भात प्रत्यक्षात सव्वा भागाहून जास्त होतो. फुलक्याचे माप ठरवायचे तर १०० ग्रॅम पीठ मोजून मळावे आणि त्याचे पाच सारखे गोळे करावेत. हा गोळा एकदा हाताला कळला की रोज काटा काढावा लागत नाही. भाकरीच्या बाबतीत फरक आणखी मोठा असतो. ज्वारीची नेहमीच्या आकाराची एक भाकरी करायला बरेचदा ६० ग्रॅमच्या आसपास पीठ लागते, म्हणजे ती एकच भाकरी तीन भागांची. दुपारच्या जेवणात एक भाकरी घेतली की धान्याचा वाटा संपला, वर भात बसत नाही.

दुसरा गोंधळ कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा. ६० ग्रॅम कच्चे तांदूळ म्हणजे तीन भाग, पण शिजलेला ६० ग्रॅम भात म्हणजे जेमतेम एक. तक्त्यात नुसते ‘तांदूळ ६० ग्रॅम’ लिहिले असेल, तर ते कच्चे की शिजलेले, हे तज्ज्ञाला विचारून कागदावर लिहून घ्यावे.

पर्याय शोधण्याचा नियम एकच : ज्याच्या जागी घ्यायचे, ते त्याच गटातले असावे. फुलक्याऐवजी भात, भाताऐवजी पोहे, वरणाऐवजी मटकीची उसळ, हे चालते. बटाटा, रताळे, मका हे जिभेला भाजी वाटले तरी तक्त्यात धान्याच्या रांगेत असतात. उकडलेला लहानसा बटाटा, साधारण ९० ग्रॅमचा, एक भाग मोजला जातो. तीन फुलके आणि बटाट्याची भाजी असे जेवण झाले, तर ते चार किंवा पाच भागांचे होते. याउलट पालेभाजी, दुधी, भेंडी, काकडी यांना बहुतेक तक्त्यांत आकडाच नसतो, कारण त्यांच्यातले कर्बोदक फार थोडे असते. त्यांना लागलेले तेल मात्र चार चमच्यांतच धरायचे असते.

पदार्थाच्या गुणांची चर्चा मापाला पर्याय होत नाही. ज्वारी-बाजरीत तंतू जास्त असतात, त्यामुळे साखर थोडी सावकाश चढू शकते, पण ६० ग्रॅम ज्वारीतले कर्बोदक ६० ग्रॅम गव्हाइतकेच असते. गुळाचेही तेच. रंग आणि चव वेगळी असली तरी गूळ मुख्यतः साखरच आहे आणि तक्त्यात साखरेच्याच जागी बसतो. ‘शुगर-फ्री’ बिस्किटात साखर नसली, तरी मैदा असतोच आणि तो धान्यात मोजावा लागतो.

आता वेळांचा रकाना. वेळा ठरवताना आहारतज्ज्ञ औषधांचा कागदही पाहतो. मेटफॉर्मिन एकटे असेल, तर जेवणाला तासभर उशीर झाल्याने साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. इन्सुलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांनाही हेच लागू होते. म्हणून पाच वाजताच्या फुटाण्यांना तक्त्यात स्वतंत्र ओळ आहे. दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण यांतले सात तासांचे अंतर ते तोडतात.

या नियमाची खरी परीक्षा संकष्टीला होते. त्या दिवशी उपवास चंद्रोदयानंतर सुटतो आणि चंद्रोदय बरेचदा रात्री नऊच्या पुढे असतो. सकाळी नेहमीची गोळी, दुपारी साबुदाण्याची खिचडी आणि त्यानंतर थेट साडेनऊला जेवण असा दिवस गेला, तर दुहेरी गडबड होते. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टमय असतो. एका बशी खिचडीला ७० ग्रॅम साबुदाणा लागला, तर त्यातच धान्याचे चार भाग होतात. त्यातला बटाटा वेगळा आणि डाळीचे प्रथिन तर नाहीच. दुपारी साखर चढते आणि संध्याकाळी गोळीच्या प्रभावाखाली उतरू लागते.

तक्त्याच्या भाषेत हाच दिवस वेगळा मांडता येतो. नाश्त्याच्या दोन भागांसाठी ४० ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाचे थालीपीठ आणि नेहमीचे दूध. दुपारच्या तीन भागांसाठी ६० ग्रॅम कच्ची वरी शिजवून, सोबत दही आणि काकडीची कोशिंबीर. डाळ चालत नाही म्हणून २५ ग्रॅम शेंगदाण्यांची आमटी. तेवढ्या दाण्यांतून सुमारे १२ ग्रॅम स्निग्धांश येतो, म्हणून त्या दिवशीच्या तेलातले दोन चमचे कमी करायचे. पाच वाजता फुटाण्यांऐवजी एक पेला दूध. अकराचे फळ उचलून सात वाजता ठेवायचे, म्हणजे चंद्रोदयापर्यंतचे अंतर रिकामे राहत नाही. रात्री नैवेद्याचे उकडीचे मोदक असतील, तर तांदळाची उकड आणि आतला गूळ मिळून एक मोदक साधारण दोन भागांचा होतो. मोदक एक घेतला, तर सोबत भाताचा किंवा पोळीचा एकच भाग उरतो. गोळी त्या दिवशी कधी आणि किती घ्यायची, हा प्रश्न मात्र तक्त्याने सुटत नाही. तो उपवासाच्या आधी डॉक्टरांना विचारायचा असतो.

साखर उतरू लागली की हातपाय थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, बोलण्यात गोंधळ होतो. ग्लुकोमीटरवर ७० पेक्षा कमी आकडा दिसला, तर उपवास तिथेच सोडायचा आणि तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून घ्यायचे. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे, आकडा खालीच असेल तर तेवढेच पुन्हा द्यायचे. अॅकारबोज किंवा व्होग्लिबोज ही औषधे चालू असतील, तर घरातली साखर लवकर काम करत नाही, कारण तिचे पचनच ही औषधे लांबवतात. अशा घरात ग्लुकोजची पूड ठेवलेली असावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही न घालता लगेच दवाखाना गाठायचा.

तक्ता लागू पडतो आहे का, हे जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजून कळते. अनेक प्रौढ रुग्णांसाठी दोन तासांनंतरचा आकडा १८० च्या आत असावा असे मानतात, पण स्वतःचे लक्ष्य डॉक्टरांकडूनच घ्यावे. एखादा पर्याय तपासायचा तर बाकी जेवण तेच ठेवून एक दिवस तीन फुलके आणि दुसऱ्या दिवशी दीड वाटी भात, असे करून दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. भाताचा आकडा दर वेळी बराच वर जात असेल, तर भाग बरोबर असूनही त्या माणसाला भात कमी मानवतो, आणि ही नोंद पुढच्या भेटीत तज्ज्ञाला दाखवण्याजोगी असते.

हा कागद एका माणसाचे वय, वजन, कामाचे स्वरूप आणि औषधे पाहून बनलेला असतो. घरात दुसऱ्या कुणाला मधुमेह असला, तरी तोच तक्ता त्याला चालतो असे नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डाळ, दूध आणि फळांचे भाग बदलतात. गर्भवतीचा तक्ता तर वेगळाच असतो. औषध बदलले, वजन बरेच कमी-जास्त झाले किंवा कामाची पाळी बदलली, की जुना तक्ता बाद समजून नवा करून घ्यावा लागतो.